जीमेल: वेळ लावून मेल पाठवणं आणि सुटलेला मेल अर्ध्या मिनिटात थांबवणं

दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. एक, "मेल मागे घ्यायला गेलो तर बटणच दिसेना." आणि दुसरी, "मी तर मेल शेड्यूल केला होता, मग गेला का नाही?" बहुतेक वेळा जीमेल बिघडलेलं नसतं. पहिल्या तक्रारीत सेटिंग आधी बदललेलं नसतं, आणि दुसरीत मेल दुरुस्त करताना शेवटची एक पायरी राहून गेलेली असते.

खाली सगळं जीमेलसाठी दिलं आहे, आणि शेवटी फोनवरच्या साध्या मेसेजबद्दल थोडं. बटणांची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच ठेवली आहेत. समजायला एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांना वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस सगळ्या सभासदांना मेल करायची आहे. सभा रविवार, 27 सप्टेंबर 2026 रोजी, म्हणजे गणपती उरकल्यावर. आदर्श उपविधींप्रमाणे नोटीस आणि सभा यांमध्ये 14 पूर्ण दिवस हवेत. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही, म्हणून 12 सप्टेंबर ही शेवटची तारीख. सचिव मात्र 10 तारखेच्या रात्रीच कोकणात गावी निघणार, आणि तिथे नेटवर्क आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर येतं.

## पायरी 1: आधी 30 सेकंदांचं सेटिंग करून ठेवा

जीमेलमध्ये "Undo" म्हणजे गेलेला मेल परत ओढून आणणं नव्हे. तुम्ही "Send" दाबता तेव्हा जीमेल मेल लगेच सोडत नाही, ठरलेले काही सेकंद स्वतःजवळ रोखून धरतं. तेवढ्या वेळात "Undo" दाबलं तर मेल मुळात गेलेलाच नसतो, त्यामुळे समोरच्याला काही कळण्याचा प्रश्नच येत नाही. व्हॉट्सॅपवर मेसेज सगळ्यांसाठी पुसला तरी पुसल्याची खूण मागे राहते, इथे तीही राहत नाही. पण मुदत संपली की मेल समोरच्याच्या सर्व्हरकडे रवाना होतो, आणि मग तुमच्या हातात काहीही उरत नाही.

ही मुदत मुळात फक्त 5 सेकंदांची असते. चूक लक्षात येऊन माउस तिथपर्यंत नेईतो ती संपते. म्हणून ती वाढवा:

1. संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. हे सेटिंग तिथूनच बदलायचं.
2. उजवीकडे वर दातेरी चाकाचं चिन्ह आहे, ते दाबा आणि "See all settings" वर जा.
3. पहिल्याच "General" या भागात "Undo Send" ही ओळ शोधा. तिथे 5, 10, 20 आणि 30 असे चार पर्याय आहेत. 30 निवडा.
4. पान अगदी तळापर्यंत खाली न्या आणि "Save Changes" दाबा.

बहुतेकांची गाडी अडते ती चौथ्या पायरीवर. 30 निवडलं, समाधान झालं, मागे फिरले. बटण पार तळाशी असल्यामुळे ते दिसतच नाही, आणि सेटिंग 5 वरच राहतं.

तपासा: पान एकदा रिफ्रेश करून पुन्हा त्याच सेटिंगमध्ये जा. 30 दिसतंय ना? मग स्वतःलाच एक मेल पाठवा आणि खाली डाव्या कोपऱ्यातली काळी पट्टी किती वेळ राहते ते बघा.

30 सेकंदांचा एक तोटा आहे. फोनवर समोरचा "पाठवला का? अजून आला नाही" म्हणत असतो आणि मेल अजून तुमच्याकडेच असतो. माझ्या मते एवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

## पायरी 2: पत्ता सगळ्यात शेवटी

मेल लिहायचा क्रम बदलला तर निम्म्या चुका होतच नाहीत. आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, मग विषय, आणि पत्ता सर्वांत शेवटी. पत्त्याची जागा रिकामी असेल तर चुकून "Send" दाबलं गेलं तरी जीमेल मेल सोडत नाही. चुकून दाबलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कीबोर्ड: Ctrl आणि Enter एकत्र दाबले की मेल थेट रवाना होतो, आणि नवीन ओळ घेताना बोट Ctrl वर पडायला वेळ लागत नाही.

उत्तर देताना मात्र पत्ता आधीच भरलेला असतो. नाजूक उत्तर असेल तर तो पत्ता काढून टाका आणि शेवटी परत घाला.

सचिवांच्या मेलमध्ये आणखी एक गोष्ट आहे. सभासदांचे पत्ते "To" मध्ये टाकले तर प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि मग एकाने "Reply all" करून पार्किंगचा विषय काढला की दिवसभर सगळ्यांच्या मेलपेट्या वाजत राहतात. "To" मध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता आणि सभासद सगळे "Bcc" मध्ये, हे बरं.

सावधान: जीमेल पहिली दोन अक्षरं टाइप करताच पत्ता सुचवतं. एकाच नावाची दोन माणसं असतील तर त्याने सुचवलेलं नाव तुम्हाला हव्या त्या माणसाचं असेलच असं नाही. नावावर न जाता त्याखालचा पूर्ण पत्ता वाचा.

## पायरी 3: वेळ लावणं

आता सचिवांची नोटीस. 8 तारखेला, मंगळवारी संध्याकाळी त्यांचा मजकूर तयार आहे. 12 ही शेवटची तारीख असली तरी मेल त्या दिवसावर ठेवण्यात अर्थ नाही, काही अडलं तर दुरुस्तीला वाव राहत नाही. म्हणून त्यांनी शुक्रवार, 11 सप्टेंबर, सकाळी 10 ही वेळ ठरवली.

1. संगणकावर "Send" च्या शेजारी एक छोटा बाण असतो, तो दाबा. फोनवरच्या अॅपमध्ये मेल लिहिताना वर उजवीकडे तीन ठिपके असतात, ते दाबा.
2. "Schedule send" निवडा.
3. जीमेल दोन-तीन तयार वेळा सुचवतं, उद्या सकाळ वगैरे. त्यांच्या नादी न लागता "Pick date & time" घ्या.
4. तारीख आणि वेळ भरा. सकाळ की दुपार हे AM आणि PM वरून ठरतं, ते वेगळं बघा.
5. शेवटचं "Schedule send" दाबा.

"उद्या सकाळ" या तयार पर्यायाबद्दल नाराजी का, तर रात्री साडेबारा वाजता मेल लिहिणाऱ्याच्या डोक्यात "उद्या" म्हणजे झोपून उठल्यावर. कॅलेंडरच्या हिशोबाने मात्र तारीख उलटलेली असते. पर्यायासमोर तारीख छापलेली असते, पण त्या वेळी ती कोण वाचतं! तसंच रात्री बाराचं. 12:00 AM म्हणजे त्या तारखेची सुरुवात, शेवट नव्हे. "12 तारखेच्या रात्री बारा" असं मनात धरून 12 सप्टेंबर, 12:00 AM लावलं, तर मेल 11 तारीख संपताक्षणीच जातो. मध्यरात्रीऐवजी रात्री 11:45 किंवा सकाळची वेळ लावली की हा घोळच होत नाही.

वेळेवर मिनिटाला मिनिट भिस्त ठेवू नका. मेल ठरल्या वेळेनंतर काही मिनिटांनी निघू शकतो. ज्याला संध्याकाळी 5 पूर्वी पोचायलाच हवं, त्याला 4:58 लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तपासा: डाव्या बाजूच्या यादीत "Scheduled" नावाचा कप्पा आहे. दिसत नसेल तर "More" खाली बघा. मेल तिथे हवा आणि त्याच्यासमोर बरोबर तारीख हवी.

एकदा मेल त्या कप्प्यात गेला की तो गूगलच्या सर्व्हरवर असतो. संगणक बंद असो, फोनची बॅटरी संपो, गावात नेटवर्क नसो, मेल जाणार. मनाची खात्री हवी असेल तर एक छोटी चाचणी करा: स्वतःलाच दहा मिनिटांनंतरचा मेल लावा, संगणक बंद करा आणि फोनवर मेल येतो का पाहा.

एका वेळी 100 मेल रांगेत ठेवता येतात. घरगुती वापराला ते भरपूर झाले.

## पायरी 4: लावलेला मेल बदलणं (इथेच सगळे फसतात)

गुरुवारी, 10 तारखेला संध्याकाळी हिशोबतपासनीसांचा फोन येतो: ताळेबंदात एक रक्कम चुकली आहे, नवीन पीडीएफ पाठवली आहे. आता लावलेल्या मेलमधली फाइल बदलायला हवी.

लावलेला मेल आहे तिथेच दुरुस्त करता येत नाही. तो आधी रद्द करावा लागतो:

1. "Scheduled" मध्ये जाऊन मेल उघडा.
2. "Cancel send" दाबा. या क्षणी मेल रांगेतून बाहेर पडतो आणि मसुदा होऊन "Drafts" मध्ये जातो.
3. मसुदा उघडा, जुनी पीडीएफ काढा, नवी जोडा.
4. पुन्हा "Schedule send" करून तारीख आणि वेळ नव्याने भरा. आधीची वेळ जीमेल लक्षात ठेवून परत लावत नाही.

शेड्यूल केलेला मेल न जाण्यामागे बहुतेक वेळा चौथी पायरी राहून गेलेली असते. सचिव बॅगा भरता भरता फोनवर हे करतायत. "Cancel send" दाबलं, फाइल बदलली, तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला, अॅप मागे गेलं. दुरुस्ती जपली गेली आहे, मसुदा अगदी व्यवस्थित आहे, फक्त तो कुठल्याच रांगेत नाही. शुक्रवारी दहा वाजता काहीही जाणार नाही, आणि गेलं नाही याची सूचनाही येणार नाही, कारण जीमेलच्या लेखी तो एक साधा अर्धवट मेल आहे.

तपासा: कुठलाही लावलेला मेल हाताळल्यावर दोन कप्पे उघडून बघायचे. "Scheduled" मध्ये मेल हवा, "Drafts" मध्ये नको. सचिवांसारखं बाहेरगावी जायचं असेल तर घरातून निघण्यापूर्वी हे करायचं, गाडीत बसल्यावर नव्हे.

फाइल जोडण्याऐवजी ड्राइव्हची लिंक दिली असती तर हा द्राविडी प्राणायाम टळला असता, असं कोणी म्हणेल. खरं आहे. जोडलेली पीडीएफ म्हणजे जोडली त्या क्षणीची प्रत. लिंक दिली, तर वाचणारा ज्या वेळी उघडेल त्या वेळी ड्राइव्हवर जे असेल ते त्याला दिसेल. पण त्याच कारणासाठी सभेच्या नोटिशीला लिंक देऊ नये. नोटीस गेल्यावर हिशोब मागच्या मागे बदलता येत असेल, तर सभेत भांडणाला निमित्त मिळतं. शिवाय लिंक उघडायची परवानगी द्यायची राहिली की शुक्रवारी दहा वाजून पाच मिनिटांनी परवानगी मागणाऱ्या मेलांचा पाऊस पडतो, आणि परवानगी देणारा माणूस नेटवर्क नसलेल्या गावात. फाइल 25 एमबीपेक्षा मोठी असेल तर जीमेल तिची आपोआप लिंकच करतं. अशा वेळी फाइलची परवानगी कुणाकुणाला आहे ते मेल लावण्याआधी बघून घ्या.

आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. लावलेला मेल आंधळा असतो. तुम्ही एखाद्याला उत्तर म्हणून मेल लावला आणि त्या माणसाचा "राहू दे, काम झालं" असा मेल मध्येच आला, तरी तुमचा मेल ठरल्या वेळी जातोच. कुणाच्या उत्तराची वाट पाहत असाल तर लावलेल्या मेलवर लक्ष ठेवा.

## पायरी 5: "Undo" नेमकं कसं दाबायचं

1. "Send" दाबल्यावर नजर खाली डाव्या कोपऱ्यात न्या. "Message sent" आणि शेजारी "Undo" असं दिसेल. फोनवरही ही पट्टी तळाशीच येते.
2. चूक दिसली की आधी "Undo" दाबा, विचार नंतर करा. नक्की चूक आहे का, हे पडताळत बसलात तर सेकंद तुमच्यासाठी थांबत नाहीत.
3. मेल पुन्हा लिहिण्याच्या खिडकीत उघडतो. दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदाही तितकीच मुदत मिळते.

या अर्ध्या मिनिटात दुसरं काही करू नका. पान रिफ्रेश केलं की पट्टी गेली. लगेच दुसरा एखादा मेल पुसला किंवा बाजूला सारला, तर त्या कामाची नवी पट्टी येते आणि तिच्यावरचं "Undo" त्या नव्या कामाचं असतं. घाईत तेच दाबलं जातं, पुसलेला मेल परत येतो आणि चुकीचा मेल निघून जातो.

फोनवर "Undo" वर फार विसंबू नका. बोट पोचेपर्यंत पट्टी जाते, आणि मुदत बदलण्याचं सेटिंग अॅपमध्ये नाही. महत्त्वाचा मेल संगणकावरून पाठवावा, याचं एक कारण हेच.

सावधान: वेळ लावून ठेवलेला मेल ठरल्या क्षणी निघतो, तेव्हा "Undo" ची पट्टी येत नाही. मेल लावताना खाली जी "Undo" दिसते ती लावणं रद्द करायची. निघण्याच्या क्षणापर्यंत "Cancel send" करता येतं, त्यानंतर काहीही नाही.

आता हीच गोष्ट उलट बाजूने बघा. लावलेला मेल निघेपर्यंत रद्द करता येतो, म्हणजे "Schedule send" ही तुम्हाला हवी तेवढी लांब "Undo" आहे. रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर, पगारवाढीची मागणी, राजीनामा, असल्या मेलना 30 सेकंद कधीच पुरत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी 9:30 ला लावा. सकाळी 9 ला चहा घेताना एकदा वाचा. पटलं तर हात लावू नका, तो जाईल.

## पायरी 6: समोरचा परदेशात असेल तर

सचिवांच्या सोसायटीतले एक सभासद न्यू जर्सीत राहतात. त्यांना वेगळा मेल पाठवून तो तिथल्या सकाळी 9 ला पोचावा असं वाटत असेल, तर हिशोब तुम्हीच करायचा, जीमेल करत नाही. तुम्ही भरलेली वेळ ही मेल लावता त्या ठिकाणची, म्हणजे भारतातली धरली जाते. सप्टेंबरमध्ये न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणून भारतातली संध्याकाळ 6:30 लावायची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर फरक साडेदहा तासांचा होतो आणि तीच वेळ 7:30 होते. ऑक्टोबरात बसून नोव्हेंबरचे मेल लावणाऱ्यांचा इथे हमखास तासाचा घोळ होतो.

मेल लावून तुम्ही स्वतः दुबईला गेलात तरी मेल लावताना ठरलेल्याच क्षणी जातो. तुमच्या प्रवासाने तो सरकत नाही.

## आउटलुकवाल्यांसाठी थोडं

कचेरीत आउटलुक असेल तर ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये मेल रोखून धरण्याची सोय आहे, पण जास्तीत जास्त 10 सेकंद. संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये "Recall This Message" आहे, आणि त्यावर लोकांचा फार विश्वास असतो. ते एकाच संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट व्यवस्थेतल्या खात्यांमध्येच चालतं. बाहेरच्या ग्राहकाला, किंवा कुणाच्या जीमेलवर गेलेला मेल त्याने परत येत नाही. त्याच जुन्या आउटलुकमध्ये "Delay Delivery" वापरताना खातं पॉप किंवा आयमॅप प्रकारचं असेल, तर ठरल्या वेळी संगणक आणि आउटलुक दोन्ही चालू असावे लागतात.

## पायरी 7: फोनवरचे मेसेज

नोटिशीच्या मेलबरोबर सचिवांना समितीच्या पाच जणांना एक मेसेजही लावायचा आहे. अँड्रॉइडवरच्या गूगल मेसेजेस अॅपमध्ये मजकूर लिहा आणि पाठवायचा बाण दाबून धरा. वेळेचे पर्याय येतील, त्यातून तारीख आणि वेळ निवडा, आणि मग पुन्हा बाण दाबा. हा शेवटचा बाण राहिला तर मेसेज लागत नाही, नुसता लिहिलेला राहतो. लागला की मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह येतं. ते दाबून मेसेज बदलता येतो, पुसता येतो किंवा लगेच पाठवता येतो.

मेलपेक्षा इथला कारभार वेगळा आहे. हा मेसेज कुठल्या सर्व्हरवर नसतो, तुमच्या फोनमध्येच असतो. ठरल्या वेळी फोन बंद असेल किंवा त्याला नेटवर्क नसेल, तर मेसेज अडून राहतो आणि जोडणी परत आल्यावर जातो. टेलिग्रामवर लावलेला मेसेज मात्र सर्व्हरवरून जातो. आयफोनच्या मेसेजेसमध्ये ही सोय iOS 18 पासून आहे, तीही फक्त आयमेसेजसाठी आणि 14 दिवसांपर्यंतच. म्हणजे समोरचा अँड्रॉइडवाला असेल तर तिचा उपयोग नाही.

म्हणून सचिवांनी गावाहून जाणाऱ्या मेसेजची वेळ कोकणातल्या शुक्रवारवर ठेवू नये. गुरुवारी रात्री, गाडी पुण्याबाहेर पडण्याआधीची वेळ लावावी, किंवा समितीलाही मेलच लावून मोकळं व्हावं.